शंभर शब्दांतले मास्तर

सिनेमाच्या जगात तिला सगळे टाचणबाई म्हणत. शूटिंग चालू असताना ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून काहीतरी टिपत असे, त्यावरून कुणीतरी चिडवत हे नाव पाडलं आणि ते चिकटलं. तिलाही ते आवडायचं. आधी एका वर्तमानपत्रात ती उपसंपादक होती. दुसऱ्यांच्या बातम्या छाटून छाटून हात इतका बसला होता की कुणी दहा वाक्यं बोललं की त्यातलं कामाचं एक वाक्य ती नेमकं उचलायची.

तिचं काम म्हणजे प्रेस किट. चित्रपट महोत्सवात निवडला गेला की पत्रकारांसाठी एक पुस्तिका पाठवावी लागते. तीत चित्रपटाची एका ओळीतली ओळख, छोटा सारांश, मोठा सारांश, चित्रपट कसा घडला याचं टिपण, दिग्दर्शकाचं निवेदन, मुख्य लोकांची शंभर-शंभर शब्दांची चरित्रं, श्रेयनामावली, तांत्रिक माहिती आणि फोटो असतात. परदेशातला समीक्षक दिवसाला चार-पाच चित्रपट बघतो. बघून आल्यावर नावं, जुने चित्रपट, कुठे शूट केलं, हे सगळं तो या पुस्तिकेतूनच घेतो. इथे चूक झाली की ती जगभर छापून येते. श्रेयनामावली पडद्यावरच्या शेवटच्या पाट्यांशी अक्षर न् अक्षर जुळायला हवी, सारांशात शेवट फुटता कामा नये, आणि चरित्र ज्याचं त्याला दाखवून मंजूर करून घ्यायचं. या बाबतीत टाचणबाई कुणाचंही ऐकत नसे. एकदा एका मोठ्या नटाने चरित्रात दहा वर्षं कमी करायला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "वय काढून टाकते हवं तर. खोटं घालणार नाही."

पुस्तिकेतला एकच भाग ती 'मी' म्हणून लिहायची, तो म्हणजे दिग्दर्शकाचं निवेदन. बहुतेक दिग्दर्शकांना लिहिण्याचा कंटाळा. ते तासभर बडबडत आणि ती त्यातून पानभर मजकूर काढत असे. वाचून ते म्हणत, "अरे, हे तर मीच बोललो!" आणि ते खरंही असे. न बोललेलं वाक्य तिने कधी कुणाच्या तोंडी घातलं नव्हतं.

मास्तरांचं मात्र वेगळं होतं. मास्तर पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचे. चित्रपट करायला लागल्यावरही ते नाव गेलं नाही. त्यांच्या पहिल्या चित्रपटापासून प्रत्येकाचं किट तिनेच लिहिलं होतं. ते बोलायचे कमी. शूटिंग चालू असताना काही विचारलं तर म्हणायचे, "आधी होऊ दे. झालं की बोलू." आणि झालं की खरोखरच घरी बोलवायचे, बाल्कनीत खुर्च्या टाकायचे आणि बोलायचे. मास्तरांच्या बायकोला ती वहिनी म्हणायची. वहिनी चहा करून देत आणि मध्येच म्हणत, "हे काही खरं नाही हं, तेव्हा तुम्ही घाबरला होतात." मास्तर हसून मान डोलावत आणि टाचणबाई तेही लिहून घेई.

'उरलेली खोली' हा त्यांचा नवा चित्रपट. बंद पडलेल्या सिमेंट कारखान्याजवळ दोन बहिणी एक लॉज चालवतात. गिऱ्हाईक येत नाही, पण रोज सगळ्या खोल्यांच्या चादरी बदलतात. एवढीच गोष्ट. ध्वनीचं शेवटचं मिश्रण झालं, मास्तरांनी स्टुडिओत सगळ्यांचे आभार मानले, टाचणबाईला म्हणाले, "आता ये एकदा. बोलू." आणि त्याच आठवड्यात ते न्हाणीघरात कोसळले.

जीव वाचला. उजवा हात आणि पाय लुळे पडले आणि भाषा गेली. कळत होतं बरंचसं, पण तोंडातून एकच शब्द येई, "चला." सेटवर दिवसातून शंभर वेळा म्हटलेला तोच एक शब्द मेंदूच्या कुठल्यातरी कोपऱ्यात शिल्लक राहिला होता. भूक लागली तरी चला, राग आला तरी चला, बायकोने अंगावर पांघरूण घातलं तरी चला.

ते इस्पितळातून घरी आले आणि थोड्याच दिवसांत महोत्सवाचं पत्र आलं. मुख्य स्पर्धेत निवड झाली होती. आयुष्यभर ज्या महोत्सवाची वाट बघितली, तोच.

निर्मात्याने टाचणबाईला ऑफिसात बोलावलं. भला माणूस होता, पण त्या दिवशी त्याचा चेहरा उतरला होता. सारखा पेन उघडत होता आणि मिटत होता.

"टाचणबाई, किट लवकर हवंय. त्यांचं प्रेस ऑफिस मागे लागलंय. आणि एक सांगतो, आजारपणाचा शब्द कुठेही नको."

"मग पत्रकार परिषदेला कोण बसणार?"

"मी बसेन. नट्या बसतील. मास्तर पुढच्या चित्रपटात गुंतलेत म्हणू. हे बाहेर पडलं ना, की लोक चित्रपट बघायचे नाहीत, आजारी माणूस बघतील. वितरकही हात आखडता घेतील."

"आणि निवेदन? ते बोललेच नाहीत माझ्याशी या चित्रपटावर."

निर्मात्याने पेन खाली ठेवलं. "इतकी वर्षं तुम्हीच लिहिताय. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं? लिहा की."

ती नाही म्हणू शकली असती. पण तिने नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणीतरी लिहिलंच असतं, मास्तरांना कधी न भेटलेल्या माणसाने. म्हणून तिने होकार दिला.

बाकीची कामं भराभर झाली. कॅमेरा सांभाळणाऱ्या बाईने तिला तासभर वेळ दिला. त्या लॉजच्या खोलीत फक्त सकाळी ऊन यायचं, म्हणून सगळी मंडळी पहाटे उठून चादरी ताणून तयार बसायची, आणि ऊन सरकलं की दिवसभराचं काम संपायचं, हे तिने सांगितलं. संकलकाने सांगितलं की एक अख्खं पात्र त्याने आणि मास्तरांनी मिळून कापून टाकलं. हे सगळं टिपणात नीट बसलं. पण शेवटच्या दृश्यात धाकटी बहीण एका खोलीची चादर बदलत नाही, तशीच दार लावून घेते. ते का, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

"मी विचारलं होतं ताई," कॅमेरावाली म्हणाली. "म्हणाले, झालं की बोलू." आणि ती रडायला लागली. टाचणबाईने वही मिटली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

पहिला मसुदा घेऊन ती मास्तरांच्या घरी गेली. मास्तर खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. दाढी केलेली, शर्टाची बटणं नीट लावलेली. वहिनींनीच केलं असणार सगळं. टाचणबाईने त्यांच्या पायाशी स्टूल ओढलं आणि हळूहळू वाचून दाखवलं. ते निवेदन वाईट नव्हतं. त्यांच्या जुन्या बोलण्याचा सूर त्यात बरोबर उतरला होता. मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग डाव्या हाताने कागद ओढून घेतला आणि जमिनीवर टाकला.

"चला," ते म्हणाले.

"आवडलं नाही? कुठलं वाक्य चुकलं?"

"चला. चला. चला!"

तिने दुसरा मसुदा आणला, मग तिसरा. एकात आठवणी जास्त घातल्या, एकात चित्रपटाबद्दलच लिहिलं, एक तर अगदी चार ओळींचा केला. प्रत्येक वेळी तेच. एकदा त्यांनी होकारार्थी मान हलवली, तेव्हा ती आनंदाने उठलीच. वहिनी दारातून म्हणाल्या, "थांब. मघाशी मी विचारलं, औषध घेतलंत का, तेव्हाही अशीच मान हलवली. घेतलं नव्हतं." टाचणबाई परत बसली. हातातला कागद तिला ओझ्यासारखा वाटायला लागला.

मास्तरांना बोलायचा सराव द्यायला एक बाई येत. टाचणबाईने त्यांना गाठून विचारलं, "होय-नाही तरी खात्रीचं कसं समजायचं?"

"मान हलवण्यावर विसंबू नका," त्या म्हणाल्या. "कागदावर मोठ्या अक्षरांत दोन-तीन पर्याय लिहा. एकेका शब्दाचे. बोट ठेवू द्या. मग क्रम बदलून परत विचारा. परत तेच आलं तर ते त्यांचं. चित्रं चालतील, चित्रं तर उत्तम. आणि घाई करू नका."

घाई करू नका, हे ऐकून तिला हसू आलं. निर्मात्याचे फोन दिवसाआड येत होते. शेवटी त्याने धीर सोडला आणि आपल्या ऑफिसातल्या कुणाकडून तरी निवेदन लिहून घेतलं. किटची कच्ची प्रत त्याने तिला आणि वहिनींना पाठवली. निवेदनात मास्तर म्हणत होते की चादर न बदलणं हे 'स्वातंत्र्याचं प्रतीक' आहे. मास्तरांनी आयुष्यात 'प्रतीक' हा शब्द वापरला नव्हता. कुणी वापरला तर ते उठून चहा आणायला जायचे.

ती कच्ची प्रत घेऊन टाचणबाई त्यांच्याकडे गेली. निवेदन तिने दाखवलंच नाही. म्हणाली, "मास्तर, हे तुमचं चरित्र. हे मीच लिहिलंय, बघा." शाळा, चित्रकला, चित्रपटांची यादी. शेवटची ओळ निर्मात्याने घातली होती. 'सध्या ते आपल्या पुढील चित्रपटाची पटकथा लिहीत आहेत.' सगळ्या दिग्दर्शकांच्या चरित्राचा शेवट असाच असतो. तिने स्वतःच ही ओळ किती जणांसाठी लिहिली होती.

मास्तरांचा डावा पंजा कागदावरून सरकत त्या ओळीवर येऊन थांबला. त्यांनी ती ओळ झाकली. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आवाज नाही, काही नाही, नुसतं पाणी.

टाचणबाईने पेन काढून ती ओळ खोडली. मास्तर खवळले. खुर्चीच्या हातावर मूठ आपटत "चला, चला" करत राहिले. ती घाबरली. ओळ नको म्हणावं तर खोडल्यावर राग, हवी म्हणावी तर रडू. मग तिला सरावाच्या बाईंचं बोलणं आठवलं. तिने कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत एकाखाली एक लिहिलं: लिहीत आहेत. काहीच नको. आजारी आहेत.

मास्तर बराच वेळ बघत राहिले. मग बोट ठेवलं, आजारी आहेत.

तिने दुसरा कागद घेतला, क्रम उलटा केला. बोट पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा मधोमध लिहिलं. तिसऱ्यांदाही तिथेच, आणि या वेळी त्यांनी बोट कागदात रुतवलं.

"वहिनी," तिने हाक मारली. "जरा इकडे या."

वहिनी हात पुसत आल्या. कागद बघितले. त्यांचा आवाज चढला. "नाही. हे नाही जायचं. तुला समजत कसं नाही? इथल्या इथे लोक खिडकीतून डोकावून बघतात. आता जगाला सांगायचं? कागदावर तरी धड राहू दे त्यांना. एवढं तरी."

"मी नाही म्हणत वहिनी, ते म्हणतायत."

"त्यांना काय कळतं आता!"

हे त्यांच्या तोंडून निघून गेलं. वहिनींनी पदर तोंडावर धरला. मग त्या मास्तरांसमोर खाली बसल्या, टाचणबाईच्या हातातून पेन घेतलं आणि स्वतःच्या अक्षरात तेच तीन पर्याय लिहिले. मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि बोट ठेवलं.

वहिनी उठून आत गेल्या. आतून नळ सुरू झाल्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ चालू राहिला.

मग टाचणबाईने निवेदनाचाही निकाल लावायचं ठरवलं. महोत्सवाला पाठवायचे फोटो तिने मास्तरांपुढे मांडले, 'हा चित्रपट कशाबद्दल आहे' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि थांबली. मास्तरांनी एकेक फोटो बाजूला सारला. दोन बहिणींचा, लॉजच्या पाटीचा, धुराड्याचा. शेवटी समोर राहिला तो न बदललेल्या चादरीचा. चादरीवर कुणीतरी झोपून उठल्याचा खळगा होता. त्यांनी तो फोटो उचलून छातीला लावला. कोण झोपलं होतं तिथे, हे ते सांगू शकत नव्हते आणि तिने विचारलं नाही.

तिने किट पुन्हा बांधलं. चरित्राची शेवटची ओळ अशी: 'चित्रपट पूर्ण झाल्यानंतर त्यांना पक्षाघाताचा झटका आला. ते सध्या घरी उपचार घेत असून मुलाखती देऊ शकणार नाहीत.' निवेदनाच्या पानावर तो फोटो आणि खाली एक ओळ: 'दिग्दर्शकांनी निवेदनाऐवजी हे छायाचित्र निवडले आहे.'

निर्माता तिच्या घरीच येऊन धडकला. "तुम्ही माझ्या चित्रपटाचं वाटोळं करताय!" दारातूनच तो ओरडला. "माझंच किट जाणार. मी पाठवतोय."

"पाठवता येणार नाही," टाचणबाई म्हणाली. "तुमच्या करारात आहे. चरित्र आणि निवेदन मास्तरांच्या मंजुरीशिवाय छापायचं नाही. तुम्हीच सही केलीय त्याच्यावर."

"आणि मंजुरी देणार कोण? ते?"

"त्यांच्या वतीने वहिनी."

फोन स्पीकरवर लावून तिने वहिनींना विचारलं. टाचणबाईला खरोखर माहीत नव्हतं की उत्तर काय येईल. वहिनी म्हणाल्या, "त्यांनी बोट ठेवलंय. मी काय म्हणू? जे त्यांचं ते जाऊ दे." आणि फोन ठेवला.

निर्माता पायरीवरच बसला. "मी पण त्यांचाच माणूस आहे हो," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, एकदा तरी त्यांनी तिथे स्टेजवर उभं राहावं. निदान कागदावर." टाचणबाईने त्याला पाणी आणून दिलं. तिचं किट तसंच गेलं.

गोष्ट इथे गोड झाली असती तर बरं झालं असतं. निर्मात्याची भीती खरी निघाली. महोत्सवात चित्रपटाला लोक आले, उभं राहून टाळ्याही झाल्या, पण दुसऱ्या दिवशीच्या लेखांत पहिल्याच परिच्छेदात पक्षाघात होता. एकाने मथळा दिला 'मुक्या दिग्दर्शकाचा निरोप'. एकाने लिहिलं की संथ दृश्यांत आजाराची सावली दिसते, खरं तर शूटिंगच्या वेळी मास्तर डोंगर चढून जागा बघायला जात होते आणि बाकीचे मागे धापा टाकत होते. झटका नंतर आला, हे किटमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. कुणी बघितलं नाही. पारितोषिक मिळालं नाही.

टाचणबाईने प्रत्येक संपादकाला दुरुस्तीचं पत्र पाठवलं. एकाने उत्तर दिलं. पुढच्या कामांना निर्मात्याने तिच्याऐवजी दुसरा माणूस घेतला आणि ती त्यावर काही बोलली नाही. पण तिला झोप लागेना. बसमध्ये, दुकानाच्या रांगेत, तिला सारखं वाटायचं की ती ओळ थोडी वेगळी लिहिता आली असती का. 'मुलाखती देऊ शकणार नाहीत' ऐवजी काय? शब्द इकडचे तिकडे करून बघायची, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी तोच मथळा तिच्यासमोर येऊन बसायचा.

ती मास्तरांच्या घरी गेली तेव्हा वहिनींनी दार अर्धंच उघडलं.

"वाचलं ना सगळं? समाधान झालं?"

"वहिनी..."

"मला दिसत होतं असं होणार. मी सांगितलं होतं तुला. आता ते जग सोडून गेल्यासारखं लिहितायत लोक, आणि ते इथे आत बसून भात खातायत." दार लागलं.

काही महिने ती त्या रस्त्यानेही गेली नाही. मग एक दिवस वहिनींचाच फोन आला. सरावाच्या बाईंनी सांगितलं होतं की ओळखीच्या आवाजात रोज काहीतरी वाचून दाखवा, आणि वहिनींना दिवसभराच्या धावपळीत वेळ होत नव्हता, घसाही बसला होता.

"रागावलेली आहेच मी अजून," वहिनी म्हणाल्या. "ते काही जायचं नाही. पण तू ये."

ती जाते. आठवड्यातून दोन दुपारी. मास्तर फारसे सुधारलेले नाहीत. चालताना आधार लागतो, शब्द तोच एक आहे. वहिनी तिच्याशी कामापुरतंच बोलतात, पण चहा ठेवतात आणि कपात साखर तिला लागते तेवढीच घालतात. ती वर्तमानपत्रातलं सिनेमाचं पान मोठ्याने वाचते. कुणी फार भारी भारी शब्द लिहिले असतील तर मास्तर खिडकीकडे तोंड फिरवतात आणि ती ते गाळून पुढे जाते. वाचता वाचता तिचा आवाज कधी बसला तर ती थांबते, पाणी पिते, आणि ते डाव्या हाताने खुर्चीवर टकटक करत तिची वाट बघत बसतात.